पगारवाढ नको, पगारदुरुस्ती मागा

आज एका पत्राबद्दल बोलूया. कामाच्या मानाने पगार मागे राहिलाय, तो बाजाराच्या बरोबरीने आणा, असं सांगणारं पत्र.

आता पगार मागे राहतोच कसा? दरवर्षीची वाढ जुन्या पगारावर टक्क्यांनी मिळते. नवा माणूस मात्र आजच्या भावाने घेतला जातो. चार वर्षांत दरी पडते. म्हणून पत्राच्या विषयात 'वाढ' नको, 'वेतन दुरुस्ती' लिहा.

एक उदाहरण घेऊ. समजा, पुण्यात एक सॉफ्टवेअर टेस्टर आहे. चार वर्षं एकाच कंपनीत. सीटीसी 8 लाख. जाहिरातींत तिला याच कामाला 8 ते 10 लाख दिसतात. मग ती म्हणते, 'मी तर रेंजमध्येच आहे!'

इथंच गफलत होते. तिच्या 8 लाखांत 80 हजार व्हेरिएबल आहेत, कंपनीचा पीएफचा वाटा 38 हजार आणि ग्रॅच्युइटी 15 हजार. फिक्स्ड उरतं साधारण 6 लाख 67 हजार. जाहिरातीतला आकडा फिक्स्ड असेल, तर ती रेंजच्या बरीच खाली आहे. त्यामुळे आकडा फिक्स्ड की सीटीसी, हे एचआरला किंवा रिक्रूटरला आधी विचारून घ्या.

तुलना पदाच्या नावाची नको, कामाची करा. शहर तेच, अनुभव तेवढाच, जबाबदारी तीच. अशा चार-पाच जाहिराती, तारखेसकट, पुरेत. शेजारच्या सहकाऱ्याचा पगार पत्रात आणू नका. चर्चा तुमच्या कामावरून घसरून 'तुला हे कुणी सांगितलं?' यावर जाते. घराचा हप्ताही नको, त्यावरून कामाचा भाव ठरत नाही.

मग कामगिरी कुठे लिहायची? जाहिरातीत जे मागितलंय, त्याच्यासमोर. तिथे 'ऑटोमेशन' असेल, तर ती लिहील:

'रिग्रेशन टेस्टिंगला आधी 3 दिवस लागत. मी लिहिलेल्या स्क्रिप्टमुळे आता 6 तास लागतात. गेले 8 महिने प्रत्येक रिलीज याच पद्धतीने होतो.'

'मी खूप मेहनत घेते' यापेक्षा हे वजनदार आहे, कारण मॅनेजर ते तपासू शकतो.

शेवटी मागणी: 'माझं फिक्स्ड वेतन 9 लाख करावं, ही विनंती.' 9 लाख का? तो रेंजचा मध्य आहे. हेच '35 टक्के वाढ द्या' म्हटलं, तर समोरचा दचकेल.

वाढ एप्रिलमध्ये होत असेल, तर पत्र जानेवारीच्या आत द्या. नंतर बजेट वाटून झालेलं असतं. आणि 'आत्ता बजेट नाही' असं उत्तर आलं, तर दोन टप्प्यांत द्याल का, हे विचारा. तारीख मात्र ईमेलवर लेखी घ्या. तोंडी आश्वासन मॅनेजर बदलला की हवेत जातं.

चला, भेटू पुढच्या भागात!