स्लंप काय सांगतो?

300 मिलिमीटर उंचीचा शंकू उचलल्यावर ओले काँक्रीट जितके खाली बसते, तितका त्याचा स्लंप. समजा, स्लॅबसाठी तो 75 हवा असता, रात्रीच्या पावसानंतर 140 भरला. सिमेंटला दोष देण्यापूर्वी वाळू पाहावी. पोत्यामागे 100 किलो वाळूत 4 टक्के मोकळे पाणी असेल, तर मोजून घातलेल्या 25 लिटरांत सुमारे 4 लिटरांची न मोजलेली भर पडली. पुढच्या खेपेला 21 लिटरच घालावे, व स्लंप पुन्हा मोजावा.

मात्र ढिगाची एकच बाजू घसरली, तर तो आकडा धरू नये. चाचणी पुन्हा घ्यावी. पुन्हा घसरली, तर मिश्रणात चिकटपणा उणा आहे. तेथे पाणी न वाढवता वाळूचे प्रमाण तपासावे.