एक तांब्याचा मणी आणि कॅरेक्टरची खोट

आज बॅकस्टोरीबद्दल बोलू, पण सगळ्या बॅकस्टोरीबद्दल नाही, फक्त त्यातल्या एका ओळीबद्दल. कॅरेक्टरच्या स्वभावातली खोट.

झालं असं, की नेवाशात आमच्या टेबलावर नवी मोहीम सुरू व्हायची होती. गेम मास्टर मी. आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या गड्याने आदल्या रात्री व्हॉट्सॲपवर तीन पानं पाठवली. आई-वडील वारलेले, घर जळालेलं, गुरू मारला गेलेला. आणि शेवटी एक ओळ: 'दोष: थोडा लोभी आहे.' आता यातून मी उद्या काय काढू? सगळेच मेलेले. कॅरेक्टरचं दार वाजवायला कोणी शिल्लकच नाही!

मी त्याला फोन केला. म्हणाला, "दादा, मग लिहू काय?"

मोहिमेची जागा आपल्याच गावातली होती. १९५४ ते ५६ मध्ये डेक्कन कॉलेजने डॉ. सांकलियांच्या नेतृत्वाखाली इथे उत्खनन केलं. खालच्या थरांत तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. त्या काळी लहान मूल गेलं, तर त्याला मडक्यात ठेवून घराच्या जमिनीखालीच पुरायचे. अशाच एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ सापडली, आतल्या धाग्याच्या अवशेषांसकट. इथपर्यंत खरं. यापुढचं सगळं आमच्या खेळातलं.

त्याचं कॅरेक्टर म्हणजे खोदकामावरचा मजूर, नाव गणपा. मी विचारलं, "लोभी आहे ना? मग त्याने काय उचललं?" म्हणाला, "एक मणी." "कोणासाठी?" जरा थांबून म्हणाला, "धाकट्या बहिणीसाठी." "आणि चोरीचा आळ कोणावर आला?" इथे तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "शेजारी खणणाऱ्या सोबत्यावर. त्याला कामावरून काढलं. गणपा तिथेच उभा होता, पण बोलला नाही."

इथे खोट बदलली बघा. गणपा लोभी नाहीच. स्वतःची इज्जत जाईल या भीतीने तो दुसऱ्याला आळ सोसू देतो. 'लोभी' हे नुसतं विशेषण होतं. ही मात्र सवय आहे, ती पुन्हा घडू शकते, आणि घडली की कोणाचं तरी नुकसान होतं. मला हेच हवं असतं.

शेवटी कागदावर आठ ओळी उरल्या. त्यातून माझ्या हाती तीन धागे आले. सोबती जिवंत आहे आणि काम शोधत फिरतोय. मणी बहिणीच्या गळ्यात आहे, म्हणजे कोणालाही दिसू शकतो. तिसरा धागा मला फार आवडला. उत्खननात प्रत्येक वस्तू कुठल्या खड्ड्यात, कुठल्या थरात मिळाली, याची नोंद ठेवतात. म्हणजे वहीत एक मणी जास्त आणि पाकिटात एक कमी. तीनही धागे मी ठरवून उघडे ठेवायला लावले. त्याला सोबत्याची माफी बॅकस्टोरीतच मागून टाकायची होती. मी नको म्हटलं. ते टेबलावर घडू दे.

उलट बाजूही सांगतो. काही खोटी गेम मास्टरच्या कामाच्या नसतात. 'रात्री वाईट स्वप्नं पडतात' यात त्रास फक्त त्यालाच, बाकीचे काय करणार? आणि 'मी आपल्याच टोळीचे पैसे चोरतो' ही तर नकोच. दुसऱ्या सेशनला कॅरेक्टरचं भांडण राहतं बाजूला, पोरंच भांडतात. मी एकच बघतो: खोटीचा फटका बाहेरच्या माणसाला बसावा, आणि सोबतच्यांना मध्ये पडायला वाव राहावा.

नियमांत याची सोय आहे. फेट या गेममध्ये कॅरेक्टरला एक 'ट्रबल' लिहावाच लागतो. तो अंगावर येईल असा प्रसंग गेम मास्टर समोर ठेवतो. खेळाडूने मानलं तर त्याला एक फेट पॉइंट मिळतो, नाकारायचं असेल तर स्वतःचा एक द्यावा लागतो. डी अँड डीच्या २०१४ च्या पुस्तकात खोट नीट खेळली की इन्स्पिरेशन देता येतं, म्हणजे एकदा वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. पण खोट खेळायची की नाही, हे खेळाडूच ठरवतो. मी फक्त प्रसंग आणतो.

तर रविवारी मी आणला. साहेब वही उघडून बसलेत. यावेळी संशय टोळीतल्याच एका मजुरावर, म्हणजे शेजारच्या खुर्चीतल्या पोरीच्या कॅरेक्टरवर. साहेब गणपाला विचारतात, "तू त्या दिवशी तिथेच होतास ना? काही पाहिलंस?"

टेबलावर सगळे गप्प. पोरगी त्याच्याकडे बघतेय. त्याने हातातला फासा दोनदा फिरवला आणि म्हणाला, "नाही साहेब, मी पाणी आणायला गेलो होतो."

पुढचे तीन तास मला काही सुचवावंच लागलं नाही.