बत्तीस मार्क आणि आपलं लेकरू

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही शिक्षक नाही. गिरणीतला कामगार आहे. जे वाचलं ते पाळी संपल्यावर वाचलं. पण गेल्या डिसेंबरात आपल्या वस्तीतली बहुतेक मुलं ज्या शाळेत जातात, तिच्या स्नेहसंमेलनाला मी गेलो होतो. तिथे मुख्याध्यापक सर जे बोलले, ते त्या दिवशी आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं. कारण बक्षिसं वाटून झाली अन् निम्मे पालक उठून गेले. म्हणून ते आज इथे सांगतो.

सर उभे राहिले आणि म्हणाले, "आज मी मुलांना उपदेश करणार नाही. आज मी आईबापांना एक गणित घालणार आहे." त्यांनी स्टेजवर फळा मागवला. एका मुलीचं उदाहरण घेतलं. नाव सांगितलं नाही. म्हणाले, ती आदल्या वर्षी दहावीला होती. सहामाहीत तिला गणितात ऐंशीपैकी 13 मिळाले. घरी बापाने पुस्तकं फेकली आणि "तुझ्याने काही होणार नाही" म्हणाला. पोरीने शाळेत येणं बंद केलं. सरांनी बापाला बोलावलं आणि त्याच्यासमोर कागदावर हिशेब मांडला.

तो हिशेब असा. दहावीला गणित शंभर मार्कांचं. त्यात ऐंशी लेखी आणि वीस शाळेतल्या अंतर्गत मूल्यमापनाचे. त्या मुलीला अंतर्गतचे 16 मिळण्यासारखे होते, कारण वह्या पूर्ण होत्या. पास व्हायला लागतात 35. म्हणजे लेखीत हवेत 19. तिला मिळाले होते 13. कमी किती? सहा. बापाला वाटत होतं डोंगर चढायचाय. प्रत्यक्षात सहा मार्कांचा चढ होता.

आता हे सहा कुठून आणायचे? लेखी गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित चाळीस आणि भूमिती चाळीस. सर म्हणाले, काठावर नेम धरू नका, थोडं वर धरा. लेखीत पंचवीसच्या आसपास धरा. म्हणजे दर पेपरात बारा-तेरा. मग त्यांनी तिच्याकडून सगळं पुस्तक करून घेतलं नाही. बीजगणितात अंकगणित श्रेढी आणि संभाव्यता, भूमितीत भौमितिक रचना, एवढंच आधी. तेही रोज पाऊण तास, आणि वहीत स्वतःच्या हाताने, नुसतं वाचून नाही. ते पक्कं झालं तेव्हाच पुढचं प्रकरण. बोर्डात तिला लेखी 25 मिळाले. 16 आणि 25, एकूण 41.

सर पुढे म्हणाले, "मार्क वाढले ते माझ्या शिकवण्याने थोडे, आणि घरातली ओरड थांबल्याने जास्त. घाबरलेल्या पोराला येत असलेलं गणितही आठवत नाही."

बंधूंनो, हे ऐकताना मी मान खाली घातली होती. का, ते सांगतो. एके वर्षी माझा थोरला मुलगा दहावीला होता. निकाल लागला, गणितात 32. तीन मार्क कमी. मी गल्लीत, चार माणसांदेखत त्याला म्हणालो, "बाबासाहेबांचं नाव घेतोस आणि हे दिवे लावतोस?" संध्याकाळी पोरगं घरात नाही. रात्रभर आम्ही शोधलं. पहाटे स्टेशनच्या बाकावर सापडला. त्याने मला एवढंच विचारलं, "बाबा, आता घरी येऊ का?" ते वाक्य अजून कानातून जात नाही. ऑक्टोबरात तो पास झाला. आज वायरमन आहे, चांगलं चाललंय. पण त्या रात्री गाडी येत-जात होती, आणि तो बाकावरच बसून राहिला, हे माझं नशीब. माझी हुशारी नव्हे.

आणि मी नाव कोणाचं घेतलं होतं? बाबासाहेबांचं. पुढे वाचलं तेव्हा कळलं. 1907 साली बाबासाहेब एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांना 750 पैकी 282 गुण होते. आजच्या भाषेत अडतीस टक्क्यांच्या आत. परळच्या चाळीतली एक खोली, त्यातच सगळं घर. रामजीबाबा स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, मग भीमाला उठवायचे आणि आपण झोपायचे. निकालावर त्यांचा सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी त्यांना बुद्धचरित्र भेट दिलं. कोणी म्हणालं नाही की टक्के कमी पडले. याचा अर्थ अभ्यास करू नका असा नाही, बरं का पोरांनो. दोन वाजता उठायचे ते! अर्थ एवढाच, की बाप ओरडला नाही, बाप जागला.

सरांनी शेवटी सोणाची गोष्ट सांगितली. सोण भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ होईपर्यंत साधना करायचा, तरी मन स्थिर होईना. तथागतांनी त्याला विचारलं, वीणेची तार फार ताणली तर वाजते का? फार सैल सोडली तर? दोन्ही वेळा नाही. मला माझा साचा आठवला. ताणा फार ओढला की धागे तटातट तुटतात, ढिला सोडला की गुंता. ताण लागतोच, पण मापात.

हे माप घरात कसं ठेवायचं, तेही सरांनी सांगितलं. पेपर देऊन आलेल्या मुलाला "किती पडतील?" असं विचारू नका. जेवायला वाढा. झालेल्या पेपराची उत्तरं ताळून बघू देऊ नका, उद्याचा पेपर बिघडतो. आदल्या रात्री जागवू नका. शेजारच्या पोराच्या टक्क्यांशी तुलना करू नका. आणि निकालाआधीच मुलाला सांगून ठेवा, राहिलास तर पुढे काय ते. 2015 पासून ऑक्टोबरची वाट बघावी लागत नाही, निकालानंतर काही आठवड्यांतच पुरवणी परीक्षा होते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला एटीकेटीने प्रवेश मिळतो. मार्कांबद्दल शंका असेल तर गुणपडताळणीचा अर्ज करता येतो, उत्तरपत्रिकेची प्रत मागता येते. हे माझ्या मुलाला कोणी सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

आणखी एक गोष्ट, ती मन लावून ऐका. मूल जेवेना, झोपेना, कोणाशी बोलेना, "मी नसतो तर बरं झालं असतं" म्हणू लागलं, तर ते नाटक समजू नका. जवळ बसा. "जिवाचं काही करावंसं वाटतंय का?" असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. त्याला एकटं सोडू नका. डॉक्टरकडे न्या. 14416 हा सरकारचा टेलिमानस नंबर आहे. रात्री-बेरात्री लागतो, पैसे पडत नाहीत.

आपल्या विहारातली अभ्यासिका परीक्षा होईपर्यंत रात्री अकरापर्यंत उघडी ठेवायचं समितीने ठरवलं आहे. किल्ली माझ्याकडे आहे. पण पालकांना माझी एक विनंती आहे. पोराला नुसतं पाठवू नका. अकराला त्याला न्यायला स्वतः या. वाटेत मार्कांचं काही बोलू नका. नुसतं बरोबर चाला.

एवढं बोलून मी थांबतो. जयभीम! नमो बुद्धाय!