शिक्क्याची तारीख

इथल्या गुरुग्राममधल्या मराठी घरांत अमेरिकेत गेलेल्या नवऱ्याचं एक वाक्य मी वरचेवर ऐकते: "गणपतीला नाही जमलं, दिवाळीला नक्की येतोय." मग दिवाळी संक्रांतीवर जाते. नातेवाईक कुजबुजतात, त्याचं मनच लागत नसेल इकडे. फार अन्याय होतो हो अशानं. म्हणून आज व्हिसाच्या तारखेबद्दलच बोलणार आहे.

माझी भाची इथे सायबर सिटीत नोकरी करते, नवरा न्यू जर्सीत एच-१बीवर. गेल्या वर्षी त्याची मुदतवाढ मंजूर झाली, घरी पेढे वाटले. पण मुदतवाढीचा कागद तिथे राहून काम करण्यापुरता असतो. अमेरिकेत शिरताना लागतो तो पासपोर्टमधला व्हिसाचा शिक्का, आणि त्याची तारीख उलटून गेली होती. म्हणजे तिथे राहायला काही अडचण नाही. पण एकदा का इकडे आला, की दूतावासातून नवा शिक्का मिळेपर्यंत परत जाता येत नाही.

पूर्वी अशा नूतनीकरणात बऱ्याच जणांना मुलाखत माफ असायची. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बीवाल्यांची ती सवलत गेली. त्यानं डिसेंबरातली दिल्लीची मुलाखत मिळवली, तिकीट काढलं. भाचीनं थालीपिठाची भाजणी दळून आणली. एवढ्यात १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ अर्जदारांची समाजमाध्यमांवरची खातीही तपासायचं ठरलं. त्यामुळे दिवसाला होणाऱ्या मुलाखती कमी झाल्या आणि त्याला ईमेल आला: आता मार्चमध्ये. जे आधीच विमानानं येऊन पोचले होते, ते इथे अडकून पडले. इथे बसून तिकडचं काम किती दिवस करू द्यायचं, हे प्रत्येक कंपनीच्या मर्जीवर. त्यानं तिकीट रद्द केलं. मार्चमध्येही त्याला सुट्टी मिळाली नाही. भाचीनं डबा उघडला, तर भाजणीला जाळी धरली होती.

"मग तूच का जात नाहीस?" असं तिला येताजाता विचारतात. नवऱ्याच्या आधारानं एच-४वर जाता येतं, पण नुसत्या एच-४वर नोकरी करता येत नाही. २०१५ पासून अशा काही जोडीदारांना कामाचा परवाना मिळू लागला. त्यासाठी बहुतेक वेळा नवऱ्याच्या कंपनीनं ग्रीन कार्डासाठी भरलेला आय-१४० अर्ज आधी मंजूर व्हावा लागतो. त्याच्या कंपनीनं तो अजून भरलेलाच नाही. आणि इथल्या फ्लॅटचा हप्ता जातो हिच्या पगारातून. नोकरी सोडून ती गेली, तर हप्ता भरायचा कुणी?

त्यामुळे "कधी येतोस?" हे विचारणं तिनं सोडलं. आता ती विचारते, "आय-१४० कधी भरणार?" मला हा प्रश्न जास्त प्रेमाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर कुणाकडे तरी आहे. परवा त्यानं मॅनेजरला विचारलं. वकिलाशी बोलून सांगतो, म्हणाला.

भाजणीचं धान्य तिनं आणून ठेवलंय. अजून भाजलेलं नाही.