तरव्यातच अडवा खोडकिडा

आमच्या बचत गटातर्फे आज आम्ही भातावरच्या खोडकिड्याविषयी बोलणार आहोत. आपल्या गगनबावड्यात रोपलावणीची घाई सुरू होईल. तरवा उपटायचा, पेंढ्या बांधायच्या, चिखलात रोप लावायचं, ही सगळी कामं आपल्याच हातची. आणि खोडकिडा सगळ्यात स्वस्तात अडतो तो याच कामांत. औषधाचा डबा फार नंतर येतो.

आधी किडीची ओळख करून घेऊ. खोडकिड्याचा पतंग पिवळसर असतो. मादीच्या पुढच्या दोन्ही पंखांवर एकेक काळा ठिपका दिसतो. ती भाताच्या पानावर, बहुतेकदा शेंड्याजवळ, पुंजक्याने अंडी घालते आणि वर भुरकट केसांचं पांघरूण घालते. पानावर कापसाचा मळका बोळा चिकटल्यासारखं दिसतं. आठवडाभरात अंडी फुटतात, बारीक अळ्या खोडात शिरतात आणि आतून पोखरतात. अळी एकदा खोडात गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचणं अवघड. त्यात आपल्याकडचा पाऊस. सकाळी मारलेलं दुपारी धुऊन जातं. म्हणून ती बाहेर असते तेवढ्यातच तिला गाठायचं.

पहिला उपाय म्हणजे शेंडे खुडणं. तरवा उपटून पेंढी बांधली की लावणीआधी पेंढीच्या टोकाची तीन-चार बोटं विळ्याने छाटायची. पानाच्या टोकावरची अंडी तिथेच निघून जातात, शेतात जात नाहीत. छाटलेले शेंडे बांधावर टाकू नका. तरव्यावर औषध मारलेलं नसेल तर जनावरांना घाला, नाहीतर खड्ड्यात पुरा. पण एक जपायचं. तरव्यात पानांच्या कडा पिवळ्या पडून करपत असतील, तर शेंडे छाटू नका. तो कडा करपा असू शकतो, आणि छाटलेल्या जखमेतून विळ्यासोबत तो साऱ्या पेंढ्यांना लागतो. अशा वेळी अंड्यांचे पुंजके दिसतील तेवढी पानंच हाताने खुडायची. रोप फारच आखूड असेल तरीही छाटू नये.

दुसरी गोष्ट युरियाची. एकदम जास्त युरिया पडला की भात काळंभोर, लुसलुशीत होतं आणि पतंग तिकडेच ओढला जातो. वर मोठ्या पावसात निम्मं खत खालच्या खाचरात वाहून जातं ते वेगळंच. म्हणून ठरलेली मात्रा दोन-तीन हप्त्यांत द्यायची, आणि पाऊस जरा थांबला असेल त्या दिवशी.

लावणीनंतर दर आठवड्याला एक फेरी शेतात मारायची. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं चालत वीस चूड बघायचे. मधला पोंगा वाळलेला दिसला तर तो ओढून बघा. अलगद हातात आला आणि खालचं टोक कुरतडलेलं असलं, तर तो खोडकिडा. याला पोंगेमर म्हणतात. पोंगा कांद्याच्या पातीसारखा पोकळ नळी झाला असेल तर ती गादमाशी. अख्खे फुटवे बुडातून कापून आडवे पडले असतील तर उंदीर नाहीतर खेकडा. कीड ओळखल्याशिवाय औषध आणलं, तर पैसे एकाचे आणि रोग दुसऱ्याचा असं होतं.

आता हिशेब. समजा, वीस चुडांत मिळून दोनशे फुटवे भरले आणि त्यात आठ वाळलेले निघाले. म्हणजे शंभरात चार. कृषी खात्याची मर्यादा आहे शंभरात पाच. चार आहेत, तर औषध नको. वाळलेले फुटवे बुडातून कापून शेताबाहेर न्यायचे आणि पुढच्या आठवड्यात परत मोजायचं. भात या वयात नवे फुटवे काढून तूट भरून काढतं. पुढच्या फेरीत दोनशेत चौदा निघाले, म्हणजे शंभरात सात, तर मात्र हात हलवायला हवा. फुटवे मोजण्यासोबत अंड्यांकडेही लक्ष ठेवा. एक मीटर लांब-रुंद जागेत एक पुंजका सापडला तरी तीच सूचना समजायची.

पतंग कधी येतात हे कळायला एकरी दोन कामगंध सापळे पुरतात. त्यात फक्त नर सापडतात, त्यामुळे कीड संपत नाही, पण वेळ कळते. सापळ्यात पतंग दिसू लागले की ट्रायकोकार्ड लावायचं. या कार्डावर ट्रायकोग्रामा नावाच्या इवल्याशा माशीची पिल्लं असतात. ती माशी माणसाला चावत नाही. खोडकिड्याच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि अळी जन्मायच्या आतच संपवते. भातासाठी ‘ट्रायकोग्रामा जापोनिकम’ हीच जात मागा. एका एकराला वीस हजारांचं एक कार्ड, असं आठवड्याच्या अंतराने तीन-चार वेळा. कार्डाच्या पट्ट्या कापून, पाऊस उघडलेल्या संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. कार्डावरची तारीख उलटली असेल तर घेऊ नका. आणि कार्ड लावलंय त्या आठवड्यात शेतात फवारणी नको, नाहीतर कीड राहील आणि माशीच मरेल.

एवढं करूनही मोजणी पाचच्या वर गेली, तरच औषध. दुकानात गेल्यावर पुडक्यावरचा त्रिकोण बघा. लाल सगळ्यात विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात कमी. फोरेट हे दाणेदार औषध पूर्वी सर्रास वापरलं जायचं. ते लाल त्रिकोणाचं होतं आणि 31 डिसेंबर 2020 पासून देशात बंद आहे. कुणी जुनं काढून दिलं तरी घेऊ नका. खोडकिड्यासाठी हिरव्या त्रिकोणाचं क्लोरॅन्ट्रानिलीप्रोल 0.4 टक्के दाणेदार मिळतं, एकरी चार किलो. हातमोजे घालून टाकायचं. मात्र हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. पाण्यातल्या खेकड्यांना आणि बारीक जिवांना ते घातक आहे. म्हणून खाचराची वाट बांधून, थोडं पाणी धरून ठेवायचं, आणि मोठ्या पावसाचा रंग असेल त्या दिवशी हात लावायचा नाही. नाहीतर आपलं औषध खालच्या खाचरातून ओढ्यात जातं, आणि तिथलेच खेकडे आपण पोरांच्या ताटात वाढतो.

लोंबी बाहेर पडल्यावर ती पांढरी, ताठ आणि पोकळ दिसली, तर ती पळींज. तेव्हा औषध मारणं म्हणजे पैसे चिखलात टाकणं. दाणा परत भरत नाही. ती वेळ पुढच्या वर्षाची तयारी करायची असते. अळी धसकटात दडून राहते. म्हणून कापणी जमिनीलगत करायची, नंतर नांगरट करून धसकटं वेचून काढायची. आणि हे एकटीने करून भागत नाही. शेजारच्या खाचरात धसकटं तशीच राहिली, तर पतंग बांध ओलांडून येतोच. तेव्हा आपल्या गटाच्या बैठकीत एवढं ठरवून घ्या, की एका पाणंदीच्या दोन्ही बाजूंच्या साऱ्या जणी याच लावणीत शेंडे छाटतील, आणि कापणीनंतर धसकटं एकाच आठवड्यात काढतील.

छाटायचा विळा आजच धार लावून ठेवा.