मोट कुठली, चित्र कुठलं

माहितीपटात एखादा म्हातारा शेतकरी बोलत असतो आणि मधेच त्याचा चेहरा जाऊन पडद्यावर विहीर दिसते, बैल दिसतात, भेगाळलेली जमीन दिसते. आवाज मात्र त्याचाच चालू राहतो. वरून लावलेल्या या दृश्यांना संकलकांच्या बोलीत बी-रोल म्हणतात. तासाभराच्या मुलाखतीसाठी शंभर क्लिप चित्रित झाल्या असतील, तर कुठल्या वाक्यावर कुठली क्लिप ठेवायची हे शोधण्यातच कच्च्या संकलनाचे, म्हणजे रफ कटचे, दिवस जातात. या शोधाचा पहिला हात संगणकाला फिरवता येतो, आणि तोही साध्या शब्दमोजणीने.

त्यासाठी आधी मुलाखत वाक्यावाक्याने उतरवून घ्यायची आणि प्रत्येक वाक्यापुढे ते कधी सुरू होतं, कधी संपतं याची वेळ लिहायची. मग प्रत्येक क्लिपला तीन-चार शब्दांचं वर्णन द्यायचं. संगणक चित्र पाहत नाही, तो हे वर्णनच वाचतो. म्हणून ‘गावातली दृश्यं’ असं लिहिलेली क्लिप त्याच्या दृष्टीने हरवलेलीच असते.

आता शब्द जुळवायचे. पण सगळे शब्द सारख्या मोलाचे नसतात. कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधिकेने 1972 मध्ये ग्रंथशोधासाठी एक विचार मांडला: जो शब्द थोड्याच ठिकाणी येतो, त्याचं वजन जास्त धरावं. तोच इथे कामी येतो. समजा शंभर क्लिपांपैकी पन्नासांच्या वर्णनात ‘शेत’ आहे, विसांत ‘विहीर’ आणि दोनच क्लिपांत ‘मोट’. शंभराला त्या त्या संख्येने भागून दहाच्या पायाचा लॉगॅरिदम घेतला, की शेताला 0.3, विहिरीला 0.7 आणि मोटेला 1.7 असं वजन मिळतं.

शेतकरी म्हणतो, ‘आजोबा पहाटे विहिरीवर मोट हाकायचे आणि सगळं शेत भिजवायचे.’ एका क्लिपचं वर्णन आहे ‘शेत, विहीर, दुरून’. तिचे दोन शब्द जुळले, बेरीज झाली 1.0. दुसरीचं वर्णन आहे ‘जुनी मोट, भिंतीवर टांगलेली’. तिचा एकच शब्द जुळला, तरी बेरीज 1.7. संगणक मोट पुढे करतो, आणि संकलकानेही तीच उचलली असती. लांबलचक वर्णनाला उगाच फायदा मिळू नये म्हणून प्रत्यक्षात ही बेरीज वर्णनाच्या लांबीच्या हिशेबाने कमी केली जाते.

मराठीत मात्र एक अडचण आधीच उभी राहते. वाक्यात ‘विहिरीवर’ आहे आणि वर्णनात ‘विहीर’. माणसाला तो एकच शब्द वाटतो, संगणकाला दोन. ‘वर’, ‘ला’, ‘त’ असे शेवट आणि त्यांच्या आधीचा स्वर छाटला आणि तुलनेपुरते ऱ्हस्व-दीर्घ एक धरले, की ‘विहिरीवर’ विहिरीपाशी पोचतो, ‘उसाला’ उसापाशी. ‘पावसात’ मात्र पावसापाशी पोचत नाही. ‘पाऊस’ आणि ‘पावस’, ‘पाणी’ आणि ‘पाण्य’ अशा जोड्या हाताने लिहून द्याव्या लागतात. चित्रपटाच्या विषयापुरती अशी तीस-चाळीस शब्दांची यादी पुष्कळ होते.

तरीही चुका होतात, आणि त्या कुठे होणार हे आधी सांगता येतं. शेतकरी म्हणतो, ‘सगळ्या गावाची मोट बांधली तेव्हा बंधारा झाला.’ संगणक तिथे पुन्हा भिंतीवरची चामड्याची मोट लावून देतो. शेतकरी म्हणतो, ‘त्या वर्षी विहिरीत थेंबभर पाणी नव्हतं,’ आणि वर दिसते काठोकाठ भरलेली विहीर, कारण ‘विहीर’ आणि ‘पाणी’ हे दोन्ही शब्द जुळले. ‘नव्हतं’ हा शब्द वजनाच्या हिशेबात कुठेच नसतो. अशी चूक नजरेतून सुटली, तर प्रेक्षकाला सांगणाऱ्याच्याच बोलण्याची शंका येते.

म्हणून जाणता संकलक काही कुंपणं घालतो. एका वाक्यासाठी एकच क्लिप न घेता तो पहिल्या तीन मागवतो. पहिल्या दोन क्लिपांच्या बेरजांत फारसा फरक नसेल, तर त्या जागी खूण करून निवड स्वतः करतो. बेरीज ठरावीक मर्यादेखाली गेली तर जागा रिकामी सोडतो, तिथे बोलणाऱ्याचा चेहराच राहतो. ‘नाही’, ‘नव्हतं’, ‘आटली’ असे शब्द असलेली वाक्यं तो वेगळी काढून हातानेच जुळवतो.

उरलेल्या जोड्या टाइमलाइनवर मुलाखतीच्या वरच्या पट्टीत बसतात. वाक्य चार सेकंदांचं असेल तर क्लिप सहा सेकंदांची तरी लागते, म्हणजे दोन्ही टोकांना एकेक सेकंद सरकवायला मोकळा राहतो. मग संकलक सुरुवातीपासून पाहत जातो. मोटेची क्लिप आजोबांच्या वाक्यावर तशीच ठेवतो, आणि बंधाऱ्याच्या वाक्यावरून ती उचलून तिथे दगड वाहणाऱ्या बायाबापड्यांची रांग लावतो.