घरमालकाला द्यायची तारीखवार यादी



कसारा म्हणजे लोकलचं शेवटचं स्टेशन आणि घाटाच्या पायथ्याचा धो धो पाऊस. नोकरीधंद्यासाठी इथे येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी मंडळी पुष्कळ. खोली गळू लागली की घरमालकाला पत्र जातं. समजा, ते असं आहे :

“काका, तुम्ही आम्हाला घरच्यासारखं वागवता, म्हणून लिहायला संकोच वाटतो. पण फार हाल चालले आहेत. छप्पर गळतं, भिंतीला ओल आली आहे, पोराचा खोकला जात नाही. परवा बटण दाबताना हिला शॉक बसला. मोरीही तुंबते. मागे सांगितलं तेव्हा तुम्ही बघतो म्हणालात. कृपा करून लक्ष घाला.”

यातला शब्द न् शब्द खरा आहे. तरी पत्र वाचून काकांना कळत नाही की आधी बोलवायचं कुणाला, गवंड्याला की वायरमनला. म्हणून या पत्रातून बोट ठेवून दाखवता येतील तेवढेच बिघाड वेगळे काढून त्यांची यादी करू. संकोच, हाल आणि खोकला यादीच्या वरच्या दोन ओळींत राहू देत. प्रत्येक बिघाडापुढे चार गोष्टी लिहायच्या : कुठे, केव्हापासून, कधी कळवलं आणि कोणती दुरुस्ती हवी.

1. स्वयंपाकघरातला स्विचबोर्ड. 18 जुलैला शॉक बसला. बोर्डामागची भिंत ओली आहे. त्याच दिवशी फोनवर कळवलं. तेव्हापासून त्या बोर्डाचा पुरवठा बंद ठेवला आहे. परवानाधारक वायरमनकडून वायरिंग आणि अर्थिंग तपासून बोर्ड कोरड्या भिंतीवर घ्यावा. हे काम ताबडतोब हवं.

2. मागच्या खोलीचं छप्पर, खिडकीकडचा कोपरा. 14 जूनपासून जोराच्या सरीत गळतं, पाऊस थांबला की थोड्या वेळात थांबतं. 16 जूनला समक्ष सांगितलं. दोन कौलं तडकलेली दिसतात. ती बदलावीत, शेजारची सरकलेली नीट बसवावीत.

3. मोरीलगतची भिंत, जमिनीपासून गुडघ्यापर्यंत ओल. मे महिन्यात प्रथम दिसली, नेमकी तारीख आठवत नाही. 16 जूनलाच सांगितलं. भिंतीतला नळाचा पाइप तपासून गळती काढावी, भिंत वाळल्यावर गिलावा करावा.

4. मोरी. 2 जुलैपासून पाणी तुंबतं. आज प्रथमच कळवत आहोत. जाळीपासून बाहेरच्या गटारापर्यंत पाइप साफ करावा.

आता तिसरी बाब पाहा. नुसतं ‘ओल आली आहे’ म्हटलं असतं, तर काकांनी छपराकडे बोट दाखवलं असतं आणि गवंड्याने वरून गिलावा फासला असता. पण ओल मे महिन्यात, पाऊस नसताना आली आणि ती खालच्या बाजूला आहे. म्हणजे पाणी आभाळातून येत नाही, पाइपवर संशय घ्यायला जागा आहे. तारीख गवंड्याला वाट दाखवते, ती अशी. म्हणूनच आठवत नसलेली तारीख मनाने घालू नये. ‘मे महिन्यात’ एवढं लिहिलं तरी पुरतं. आणि कारण ठाऊक नसेल तिथे ‘तपासून’ हा शब्द घालावा.

क्रमही बघा. जिवाला धोका असलेलं काम पहिलं, लांबवल्यास घराचं नुकसान वाढवणारं नंतर, नुसत्या गैरसोयीचं शेवटी.

यादीच्या दोन प्रती करा. एकीवर ‘मिळाली’ असं लिहून तारखेसह काकांची सही घ्या. टपालाने पाठवली तर पावती जपा. हे का, तेही सांगतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगं ठेवणं हे मालकाचं काम आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही वाजवी मुदतीत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शापर्यंतच. भाडं महिना 3,000 असेल, तर वर्षाला 9,000 रुपये. त्यासाठी खर्चाची बिलं ठेवावी लागतात. भाडंच थांबवण्याची मुभा यात नाही. शिवाय हा कायदा त्याच्या अनुसूचीतल्या क्षेत्रांनाच लागू होतो, आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा या अर्थाने भाडेकरू धरला जात नाही. तेव्हा पैसे वळते करण्याआधी आपलं गाव त्यात आहे का आणि हातातला करार कोणता, हे वकिलाकडून किंवा तालुका विधी सेवा समितीकडून विचारून घ्या.

दुरुस्ती झाली की त्याच यादीत तिची तारीख टाका. छपराचं काम मात्र पुढची जोराची सर येऊन कोपरा कोरडा राहिल्यावरच पुरं झालं असं लिहा. तोवर ती ओळ खोडू नका.